चौकशीला किती वेळात फोन करायचा, हे जाहिरात कुठली त्यावर ठरतं

प्रश्न: आमचं ठाण्यात मानपाड्याला मॉड्युलर किचन आणि ट्रॉलीचं शोरूम आहे. गूगल सर्च, फेसबुक-इन्स्टाग्रामचा फॉर्म, व्हॉट्सॲपवर आणणारी जाहिरात आणि जस्टडायल अशा चार ठिकाणांहून चौकश्या येतात. फोनला एकच मुलगी आहे, सकाळी ११ ते रात्री ८. एजन्सी म्हणते प्रत्येक लीडला पाच मिनिटांत फोन गेलाच पाहिजे, त्यासाठी रात्रीचा माणूस ठेवा. फेसबुकवाले तर फोनच उचलत नाहीत. माणूस ठेवू, की फेसबुक बंद करू?

उत्तर:

अजून दोन्हीपैकी काहीच करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा, की तुमची मोठी गळती रात्रीच्या फेसबुक लीडमध्ये नाही. ती भर दिवसा, शोरूममध्ये गिऱ्हाईक बसलेलं असताना सुटणाऱ्या गूगलच्या फोनमध्ये असावी. पण अंदाजावर कोणाचा पगार सुरू करू नये. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या चौकश्या तुमच्याकडे असतील, तर त्यांतून हे एका दुपारी तपासता येतं. मी ठाणे-नवी मुंबईतल्या इंटिरिअर, क्लासेस आणि दवाखान्यांचे लीडचे हिशोब पाहते. तिथे हीच तपासणी सगळ्यात आधी करते.

पाच मिनिटांचा नियम आला कुठून, ते आधी सांगते, कारण त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत जेम्स ओल्डरॉइड या संशोधकांनी वेबसाइटवरच्या फॉर्मने आलेल्या चौकश्यांचा अभ्यास केला. फॉर्म भरल्यावर पाच मिनिटांत फोन केला तर आणि अर्ध्या तासाने केला तर, यांत प्रचंड फरक दिसला. पुढे २०११ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलं, की तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतर तासाभराने प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ सातपट होती. त्याच लेखासाठी त्यांनी २,२४१ अमेरिकन कंपन्यांकडे चौकशी टाकून पाहिली. ३७ टक्के कंपन्यांनी तासाभरात उत्तर दिलं आणि २३ टक्क्यांनी कधीच दिलं नाही.

हे आकडे मला मान्य आहेत. पण त्यांत काय मोजलंय ते पाहा. मोजलंय ते "बोलणं झालं का", "विक्री झाली का" नव्हे. शिवाय तो माणूस स्वतः वेबसाइटवर जाऊन, आपला नंबर आपल्या हाताने टाइप करून आला होता. फेसबुकची लीड ॲड सुरू झाली ती २०१५ मध्ये. म्हणजे ज्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आधीच भरलेले असतात आणि दोन टॅपमध्ये चौकशी जाते, तसा फॉर्म त्या अभ्यासात असणं शक्यच नव्हतं. व्हॉट्सॲपवर आणणाऱ्या जाहिराती तर त्याहून नंतरच्या. तुमच्या चारपैकी ज्याला तो नियम जसाच्या तसा लावता येईल असा मार्ग एकच, गूगलवरून वेबसाइटवर आलेला फॉर्म. बाकीच्यांसाठी तुम्हाला तुमचाच आकडा काढावा लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चारही मार्गांच्या चौकश्या एकत्र करून "लवकर फोन केलेल्या" आणि "उशिरा केलेल्या" असे दोन ढीग केले, तर उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचं येतं. उदाहरणाने दाखवते. पुढचे आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते कुठल्या शोरूमचे मोजलेले नाहीत. सोपं जावं म्हणून दोनच मार्ग घेते. शोरूमला येणं किंवा घरी माप घ्यायला बोलावणं, याला आपण भेट म्हणू.

समजा एका महिन्यात गूगलच्या १०० आणि फेसबुक फॉर्मच्या २०० चौकश्या आल्या. गूगलच्या ७० चौकश्यांना १५ मिनिटांत फोन गेला आणि त्यांतून २१ भेटी झाल्या, म्हणजे ३० टक्के. उरलेल्या ३० जणांना उशीर झाला, त्यांतून ३ भेटी, म्हणजे १० टक्के. फेसबुकचं चित्र वेगळं. बहुतेक फॉर्म रात्री भरलेले, त्यामुळे ४० जणांनाच १५ मिनिटांत फोन गेला. त्यांतून ४ भेटी, १० टक्के. १६० जणांना उशिरा गेला, त्यांतून १२ भेटी, साडेसात टक्के.

हे एकत्र करा. लवकर फोन गेलेले ११०, त्यांतून २५ भेटी, जवळपास २३ टक्के. उशीर झालेले १९०, त्यांतून १५ भेटी, जवळपास ८ टक्के. हा तक्ता समोर ठेवून कोणीही म्हणेल, "बघा, लवकर फोन केला की भेटी तिप्पट होतात. ते १६० फेसबुकवाले लवकर गाठले असते तर चोवीसेक भेटी वाढल्या असत्या." ऐकायला पटतं. पण फेसबुकच्या ओळीत पाहिलं तर उशिरा आणि लवकर यांत फरक अडीच टक्क्यांचा आहे. १६० चे अडीच टक्के म्हणजे ४ भेटी. एकत्र तक्त्यात दिसलेला तिप्पट फरक मुख्यतः वेगामुळे आलेलाच नाही. लवकरच्या ढिगात गूगलवाले जास्त होते आणि उशिराच्या ढिगात फेसबुकवाले, म्हणून तो आला.

आता गूगलचे उशीर झालेले फक्त ३० जण पाहा. तिथे फरक २० टक्क्यांचा आहे, म्हणजे ६ भेटी. थोडक्यात, या उदाहरणात रात्रीचा माणूस ठेवून १६० फोन लवकर केले तर हाती लागतात ४ भेटी, आणि दिवसा सुटणारे ३० फोन सांभाळले तर ६. पहिल्याला पगार लागतो. दुसऱ्याला बहुधा शनिवार-रविवारची थोडी फेररचना पुरते. रात्रीचा माणूस ठेवायचा की नाही, या तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर याच तक्त्यात मिळेल, फक्त त्यात तुमचे आकडे भरायला हवेत.

तक्ता बनवताना लोक जिथे अडखळतात त्या जागा सांगते. गूगल शीट पुरेल, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. दर चौकशीला एक ओळ. A मध्ये मार्ग, B मध्ये चौकशी आल्याची वेळ जशी मिळाली तशी, C मध्ये तीच वेळ भारतीय घड्याळाने, D मध्ये माणसाने केलेल्या पहिल्या प्रयत्नाची तारीख आणि वेळ, H मध्ये भेट झाली का. मधले तीन रकाने शीटच भरेल.

पहिली अडचण घड्याळाची. फेसबुकची लीड एखाद्या जोडणीतून शीटमध्ये आपोआप येत असेल, तर created_time मधली वेळ बहुधा 2025-03-08T18:42:10+0000 अशी दिसते. शेवटचं +0000 म्हणजे ती ग्रीनिचची वेळ. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे हा फॉर्म रात्री सव्वाबाराला भरला गेला, संध्याकाळी पावणेसातला नव्हे. हे कोणी बदललं नाही, तर रात्रीच्या लीड संध्याकाळच्या दिसतात आणि तुमच्या मुलीवर नसलेला दोष येतो. बदलायचं सूत्र असं:

```
=DATEVALUE(LEFT(B2,10))+TIMEVALUE(MID(B2,12,8))+TIME(5,30,0)
```

शेवटी +0000 ऐवजी +0530 असेल तर साडेपाच तास मिळवू नका. खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या फोनवरून एक फॉर्म भरा आणि शीटमध्ये कुठली वेळ पडते ते पाहा.

दुसरी अडचण रात्रीची. रात्री १२ ला आलेल्या फॉर्मला सकाळी ११:०५ ला फोन केला, तर तो उशीर ११ तासांचा की पाच मिनिटांचा? गिऱ्हाइकाच्या बाजूने ११ तासांचा, तुमच्या कामाच्या बाजूने पाच मिनिटांचा. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही ठेवा. पण मुलीचं काम मोजताना घड्याळ शोरूम उघडल्यापासून धरा. रात्रीच्या माणसाचा हिशोब पाहताना मात्र खालच्या F च्या सूत्रात E2 ऐवजी C2 धरा. E रकान्यात ही मोजायला सुरुवात करायची वेळ येईल:

```
=IF(HOUR(C2)>=20,INT(C2)+1+TIME(11,0,0),IF(HOUR(C2)<11,INT(C2)+TIME(11,0,0),C2))
```

मग F मध्ये मिनिटं आणि G मध्ये लवकर की उशिरा:

```
=IF(D2="","",(D2-E2)*1440)
=IF(AND(D2<>"",F2<=15),"लवकर","उशिरा")
```

आणि रात्री आलेल्या चौकश्यांना निराळी ओळ द्या. "फेसबुक दिवस" आणि "फेसबुक रात्र" हे दोन मार्ग आहेत असंच समजा. रात्री अंथरुणात रील बघताना फॉर्म भरणारा आणि दुपारी ऑफिसमधून भरणारा, यांची गरज सारखी असेल असं गृहीत धरायचं कारण नाही.

तिसरी अडचण फार घात करते. ज्यांना फोन गेलाच नाही, ते हिशोबातून गळतात. रजिस्टरमध्ये नाव येतं ते बोलणं झाल्यावर. न बोललेल्याची ओळच नसते, म्हणून उशिराचा टक्का खोटा चांगला दिसतो. फॉर्मची यादी फेसबुककडून मूळ स्वरूपात उतरवून घ्या. तिथे लीड ९० दिवसच उतरवता येतात, त्यामुळे हे आजच करा. फोनसाठी हँडसेटमधले मिस्ड कॉल धरा, किंवा एक्झोटेल, मायऑपरेटरसारखा क्लाउड नंबर असेल तर त्याचा अहवाल. वरच्या सूत्रात D रिकामा असेल तर चौकशी "उशिरा"मध्येच जाते, ती याचसाठी.

मग प्रत्येक मार्गाचा टक्का:

```
=COUNTIFS(A:A,"गूगल",G:G,"लवकर",H:H,"हो")/COUNTIFS(A:A,"गूगल",G:G,"लवकर")
```

पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तास, दिवस असे बरेच तुकडे पाडायचा मोह होईल. तीन महिन्यांच्या चौकश्यांवर तो आवरा. चार मार्ग आणि चार तुकडे म्हणजे सोळा खाने, आणि कित्येक खान्यांत दहा-पंधरा माणसं उरतील. २० पैकी २ आणि २० पैकी ४ हे कागदावर १० टक्के आणि २० टक्के दिसतं, पण दोन कुटुंबांनी रविवारी पाऊस पाहून बेत बदलला तरी एवढा फरक पडतो. ज्या खान्यात तिसापेक्षा कमी चौकश्या आहेत, त्यावर मी कधीच निर्णय घेत नाही. आधी दोनच भाग करा. आकडे साठले की "लवकर"चे आणखी दोन भाग करता येतील.

भेटीवर थांबा, ऑर्डरवर जाऊ नका, हेही सांगते. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधला माणूस पझेशनच्या आधी कोटेशन गोळा करतो आणि ऑर्डर दोन-तीन महिन्यांनी देतो. या महिन्याच्या चौकश्या आणि याच महिन्याच्या ऑर्डर यांचा भागाकार निरर्थक आहे. ऑर्डर मोजाल तेव्हा चौकशी ज्या महिन्यात आली त्या महिन्याच्या खात्यावर टाका, आणि ९० दिवस उलटल्याशिवाय तो आकडा पक्का समजू नका.

आता एकेका मार्गाकडे येते, कारण वेग कुठे आणि का लागतो ते कळलं की तक्ता वाचता येतो.

गूगल सर्चवर माणूस "मॉड्युलर किचन ठाणे" असं स्वतः टाइप करतो. त्याच्यासमोर तुमच्याबरोबर आणखी चार नावं आहेत. तुमचा फोन उचलला गेला नाही, तर तो परत यादीत जातो आणि पुढचा नंबर लावतो. इथे तुम्ही ज्या उशिराशी झगडताय, तो वाजणाऱ्या फोनचा आहे, फॉर्मचा नव्हे. पहिल्या मिस्ड कॉलनंतर दहा मिनिटांत उलटा फोन गेला तर तो बऱ्याचदा अजून शोधतच असतो. दोन तासांनी केला तर त्याने कोणाला तरी माप घ्यायला बोलावलेलं असतं, आणि मग तुम्ही दुसऱ्या कोटेशनवाले होता. म्हणून गूगलच्या ओळीत वेगाचा परिणाम दोन्ही पायऱ्यांवर दिसतो, फोन उचलण्यावर आणि बोलल्यानंतर भेट ठरण्यावर. एक काळजी घ्या. गूगल मॅपवरच्या नोंदीतून येणारे फोन आणि जाहिरातीवरून येणारे फोन एकाच नंबरवर येत असतील तर ते वेगळे कळणार नाहीत. जाहिरातीला वेगळा नंबर द्या.

फेसबुक-इन्स्टाग्राम फॉर्मची गोष्ट उलटी. तिथे माणूस काही शोधत नव्हता. छान किचनचा फोटो दिसला, बोट लागलं, नंबर आधीच भरलेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तुमचा अनोळखी नंबर वाजला की तो उचलत नाही, आणि उचलला तर "मी कुठला फॉर्म भरला?" असं विचारतो. इथे वेगाचा फायदा मुख्यतः पहिल्या पायरीवर असतो. लवकर फोन केला तर त्याला जाहिरात आठवते आणि तो बोलतो. पण बोलला म्हणून त्याचं किचन लवकर निघत नाही. म्हणून या मार्गासाठी तक्त्यात एक रकाना जास्त ठेवा, बोलणं झालं का. दर शंभर फॉर्ममागे किती जणांशी बोलणं झालं आणि बोललेल्यांपैकी किती भेटले, हे वेगवेगळं पाहा. बोलणं वाढलं आणि भेटी तेवढ्याच राहिल्या, तर अडचण वेगात नाही, फॉर्ममध्ये आहे.

फॉर्म बदलणं वेग वाढवण्यापेक्षा स्वस्त आहे. फेसबुकच्या फॉर्ममध्ये जास्त लीड मिळवायचा आणि जास्त इच्छुक लोक मिळवायचा असे प्रकार निवडता येतात. दुसऱ्यात पाठवण्याआधी माहिती तपासून पाहायची एक पायरी वाढते. तो निवडा आणि हाताने भरावा लागेल असा एक प्रश्न घाला: फ्लॅटचा ताबा कुठल्या महिन्यात, किंवा सोसायटी कुठली. लीड कमी होतील, एजन्सी कुरकुर करेल, तरीही करा. मात्र ज्या दिवशी फॉर्म बदलाल त्या दिवसापासून तक्त्यात त्याला नवा मार्ग म्हणून नोंदवा. जुन्या फॉर्मचे आणि नव्याचे आकडे एकत्र केलेत तर कशामुळे काय बदललं ते कधीच कळणार नाही.

"फोनच उचलत नाहीत" याचं आणखी एक कारण आपल्याकडे आहे. शोरूम उघडल्या उघडल्या, ११ च्या सुमाराला रात्रीचे सगळे फॉर्म एका दमात फिरवले जातात. त्या वेळी तुमचं गिऱ्हाईक नुकतंच लोकलमधून उतरून ऑफिसच्या पहिल्या मीटिंगमध्ये बसलेलं असतं. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ ते परत गर्दीत, नाहीतर माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये. माझ्या पाहण्यात रात्रीच्या फॉर्मना जेवणाच्या सुट्टीत, दीड-दोनच्या आसपास, किंवा संध्याकाळी लोक गर्दीत शिरण्याआधी, साडेपाच-सहाला केलेले फोन जास्त उचलले जातात. आणि एकदा करून सोडू नका. दोन दिवसांत वेगवेगळ्या वेळी तीन प्रयत्न करा आणि पहिल्या प्रयत्नानंतर लगेच व्हॉट्सॲपवर तोच किचनचा फोटो पाठवा, जो त्याने जाहिरातीत पाहिला होता. किती प्रयत्न झाले तेही नोंदवा. उशिराच्या ढिगात एकच प्रयत्न आणि लवकरच्या ढिगात तीन असतील, तर तुम्ही वेगाच्या नावाखाली चिकाटी मोजताय.

व्हॉट्सॲपच्या जाहिरातीचं मोजमाप सगळ्यात फसवं. जाहिरातीवर बोट लावलं की चॅट उघडते आणि बहुधा "Hello! Can I get more info on this?" हे वाक्य आधीच लिहिलेलं असतं. माणूस फक्त पाठवतो. लगेच तुमचा आपोआप जाणारा "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" जातो आणि अहवालात उत्तराचा वेळ शून्य मिनिटं दिसतो. या दोन्ही संदेशांना काही अर्थ नाही. खरी चौकशी म्हणजे त्याने स्वतः टाइप केलेला पहिला संदेश: "एल शेप दहा बाय आठ, किती खर्च येईल?" घड्याळ तिथून सुरू करा आणि माणसाने दिलेल्या, त्या प्रश्नाला धरून असलेल्या उत्तरापाशी थांबवा. या मार्गावर मला पहिल्या उत्तरापेक्षा पुढचं अंतर महत्त्वाचं वाटतं. गिऱ्हाईक चॅटमध्ये असतं, दोन संदेश लिहितं, आणि मग तुमच्याकडून अर्धा तास शांतता. तेवढ्यात ते निघून जातं. म्हणून स्वयंचलित संदेशात आभार मानण्याऐवजी प्रश्न विचारा: "किचनचं अंदाजे माप आणि ताबा कधी, ते लिहाल का?" जो उत्तर लिहितो त्याच्याकडे मुलीने लगेच वळावं. जो लिहीत नाही त्याला संध्याकाळी एक संदेश पुरे. एजन्सीने तुम्हाला व्हॉट्सॲपच्या एपीआयवर, म्हणजे ॲपऐवजी सॉफ्टवेअरमधून संदेश पाठवायच्या सोयीवर, नेलं असेल, तर गिऱ्हाइकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांनी साधा संदेश जात नाही, मंजूर झालेला टेम्प्लेटच पाठवावा लागतो. तेव्हा "उद्या निवांत बघू" हे तिथे तांत्रिक कारणानेही महागात पडतं. फोनमधल्या साध्या बिझनेस ॲपला ही अट नाही.

जस्टडायलबद्दल थोडक्यात. तिथली चौकशी सहसा एकाच वेळी अनेक दुकानांकडे जाते, त्यामुळे मिनिटांपेक्षा क्रमांक महत्त्वाचा. पहिल्या एक-दोघांत फोन गेला तर नीट बोलणं होतं. पाचवा फोन म्हणून गेलात तर माणूस वैतागलेला असतो. पहिल्या काही मिनिटांत जमलं नाही, तर वीस मिनिटांनी आणि तासाभराने यांत मला फारसा फरक दिसत नाही. तेव्हा घाई सोडा, दुसऱ्या दिवशी निवांत फोन करून "कोटेशनं आली असतील, त्यांत प्लाय कुठला आणि चॅनल कुठले लिहिलेत ते एकदा तपासून देऊ का?" असं विचारा.

तरी एक शंका उरते, आणि ती खरी आहे. समजा तुमच्या तक्त्यात गूगलच्या लवकर आणि उशिरा यांत मोठा फरक आला. तो वेगामुळेच आला कशावरून? कदाचित मुलगी चांगली वाटणारी चौकशी आधी उचलत असेल. "हिरानंदानी इस्टेट, थ्री बीएचके" असं दिसलं की कोणाचाही हात आधी तिकडे जातो. तसं असेल तर लवकरचा टक्का मुळातच फुगलेला आहे. किंवा उशिरा झालेले सगळे रविवारचे असतील आणि रविवारचं गिऱ्हाईकच निराळं असेल. जुन्या नोंदी कितीही चाळल्या तरी याचा निकाल लागत नाही. त्यासाठी छोटी चाचणी करावी लागते.

चाचणी फेसबुकच्या फॉर्मवर करा, कारण तुमचा पगाराचा निर्णय तिथे अडलाय. सहा आठवडे असं ठरवा, की ज्या फॉर्ममधल्या मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा सम आहे त्यांना आधी फोन, आणि विषम आहे त्यांना नेहमीच्या रांगेत. रात्री साडेदहापर्यंत आलेल्या सम नंबरांना तुम्ही स्वतः घरून फोन करा, त्यानंतरच्यांना फक्त व्हॉट्सॲप संदेश. मध्यरात्री कोणालाही फोन करू नका. नंबरचा शेवटचा आकडा आणि किचन घ्यायची इच्छा यांचा काही संबंध नसतो, म्हणून दोन्ही गट सारखे पडतात आणि उरलेला फरक वेगाचा समजायला हरकत नाही. मुलीने मध्येच "हा विषम आहे पण चांगला वाटतोय" म्हणून क्रम मोडला तर चाचणी वाया जाते, हे तिला आधी समजावून सांगा. शेवटी तुलना करताना प्रत्यक्षात कोणाला कधी फोन गेला ते बघू नका, सगळे सम विरुद्ध सगळे विषम असंच मोजा.

निकाल असा वाचा. दर शंभर सम नंबरांमागे विषमांपेक्षा किती भेटी जास्त झाल्या, ते पाहा. महिन्याला रात्रीचे फॉर्म साधारण १६० असतील आणि फरक शंभरात तीन आला, तर महिन्याला पाचेक भेटी वाढतात. तुमच्याकडे पाच भेटींतून एक ऑर्डर होत असेल, तर रात्रीच्या माणसाने महिन्याला एक ऑर्डर आणली. त्या एका ऑर्डरवर तुम्हाला सुटणारे पैसे त्याच्या पगाराहून स्पष्टपणे जास्त असतील तर ठेवा, काठावर असतील तर नको. सहा आठवड्यांत दोन्ही गटांत शंभर-सव्वाशे नंबर जमतील. त्यावर एक-दोन भेटींचा फरक योगायोग समजा आणि चाचणी आणखी महिनाभर चालू ठेवा.

ही चाचणी चालू असताना दिवसाचं काम मात्र आजच बदला, त्यासाठी कुठल्याही निकालाची वाट पाहायला नको. मुलीच्या हातात कामाचा क्रम द्या: वाजणारा फोन सगळ्याच्या आधी, मग मिस्ड कॉल, मग गूगलचा फॉर्म, मग जस्टडायल, मग ज्याने व्हॉट्सॲपवर स्वतः काही लिहिलंय तो, आणि सगळ्यात शेवटी फेसबुकचा फॉर्म, त्यातही चाचणीपुरते सम नंबर आधी. शनिवार-रविवारी ती गिऱ्हाइकाला हिंज आणि लॅमिनेट दाखवत असते, तेव्हा गूगलचा नंबर दुसऱ्याच्या खिशात असला पाहिजे. तुमच्या, घरच्यांपैकी कोणाच्या, किंवा फक्त त्या दोन दिवसांपुरत्या ठेवलेल्या माणसाच्या. त्याला किचनचं काही कळत नसलं तरी चालेल. नाव, सोसायटी, ताब्याचा महिना आणि माप घ्यायला कधी येऊ, एवढं विचारून वहीत लिहिता आलं पाहिजे.

फेसबुक बंद करायचं की नाही ते दर भेटीमागच्या खर्चावर ठरवा, फोन उचलण्यावर नको. फॉर्म बदलल्यानंतरच्या दोन महिन्यांचा जाहिरातीचा खर्च भागिले त्यांतून झालेल्या भेटी, आणि शेजारी गूगलचा तोच आकडा. फेसबुकची भेट गूगलपेक्षा स्वस्त पडत असेल, तर शंभरातले सत्तर फोन न उचलले गेले तरी तो मार्ग चालू ठेवा, फक्त मुलीला त्याचा ताण देऊ नका. महाग पडत असेल तर त्यातले अर्धे पैसे महिनाभर गूगलकडे वळवून पाहा. पण आधी शनिवार-रविवारचा फोन सांभाळायची सोय झालेली असू द्या, नाहीतर वाढलेले फोनही तसेच सुटतील.